शंभर बेड एकदम लावू नका, आधी साडेचार किलोची गिऱ्हाईकं शोधा

ताई, माझ्याकडे दहा बाय दहाची एक रिकामी खोली आहे, एक खिडकी, सिमेंटची फरशी. नोकरी सकाळी नऊ ते सहा. ऑयस्टर मशरूमचं एका दिवसाचं ट्रेनिंग केलं. ते म्हणतात खोलीत शंभर बेड, म्हणजे काड भरलेल्या पिशव्या, बसतात, एकदम लावा, दोन महिन्यात भांडवल वसूल, आणि माल आम्हीच विकत घेऊ. कागदावर हिशोब छान दिसतोय. पण बायको विचारते की विकणार कुणाला, खराब किती होतं, आणि खर्च खरा किती? बाजूच्या खोलीत आई झोपते, तिला दम्याचा त्रास आहे. करू का?
— खोली रिकामी, डोकं भरलेलं

आधी आईंचं बोलूया, कारण ते जमत नसेल तर पुढचं वाचायची गरजच नाही.

ऑयस्टरची छत्री पूर्ण उघडली की ती खालून बीजाणू सोडते, आणि थोडेथोडके नाही, रॅकवर नि खालच्या बेडवर पीठ चाळल्यासारखा पांढरा थर बसतो इतके. हे हवेत तरंगतात आणि श्वासातून आत जातात. ज्यांना काही त्रास नाही अशा धडधाकट माणसांनासुद्धा रोज त्या हवेत काम करून कोरडा खोकला, संध्याकाळी कणकण, दम लागणं असं सुरू होतं, मशरूम शेडमधल्या कामगारांचा हा माहितीतला आजार आहे. दम्याच्या माणसाला तर किती त्रास होईल सांगता येत नाही. त्यामुळे त्या खोलीचं दार थेट आईंच्या खोलीत उघडत असेल तर माझं उत्तर नाही असंच आहे, पडदा लावून किंवा दार बंद ठेवून भागत नाही. दार वेगळीकडे उघडत असेल, खिडकीत एक्झॉस्ट बसवून हवा सरळ बाहेर फेकता येत असेल आणि ती बाहेर गेलेली हवा आईंच्या खिडकीतून परत आत येत नसेल, तर त्यांच्या डॉक्टरांना विचारा, ते हो म्हणाले तर पुढे जा. तुम्ही स्वतः काढणी करताना चांगला घट्ट बसणारा मास्क लावायचा, रुमाल बांधून चालत नाही. आणि छत्रीची कड खाली वळलेली आहे तोवरच काढायची, कड सपाट होऊन वर वळायला लागली की समजायचं उशीर झाला. याचा फायदा विक्रीतही होतो, त्यावर पुढे येतेच.

हां, आणि भिंती. दोन-दोन महिने ८०-९० टक्के दमट ठेवलेल्या खोलीला बुरशी धरते, रंग फुगतो, लाकडी चौकट असेल तर ती फुगते. आतून प्लास्टिक शीट लावून घ्या, खोली भाड्याची असेल तर मालकाला आधी सांगा.

आता शंभर बेड. बसतात का, तर बसतात. प्रश्न बसण्याचा नाहीये. एका बेडात साधारण एक किलो कोरडं काड धरा, गव्हाचं किंवा भाताचं, भिजल्यावर तो बेड तीनेक किलोचा होतो. त्यातून दोन बहरांत मिळून अर्धा किलो ताजं मशरूम निघालं तर नवीन माणसासाठी ते ठीक आहे, जाहिरातीत एका किलोला एक किलो सांगतात, तेवढंही निघतं पण जमलेल्या हाताला आणि चांगल्या हवामानात, पहिल्या सहा महिन्यांचा हिशोब त्यावर बांधू नका. म्हणजे शंभर बेडांचं पन्नास किलो. ऐकायला मस्त वाटतं ना? पण हे पन्नास किलो रोज किलो-किलो करून येत नाही! एकाच दिवशी भरलेले बेड मशरूमच्या तंतूंनी एकाच वेळी पांढरे होतात आणि एकाच वेळी कोंब फेकतात. पहिल्या बहरात त्यातले पस्तीस किलो, तेही तीन-चार दिवसांत. मग सात-दहा दिवस काहीच नाही, मग परत एकदम पंधरा. आणि ऑयस्टर बाहेर ठेवलं तर एक दिवस, फ्रिजमध्ये फारतर चार-पाच दिवस. सकाळी नऊला ऑफिसला जाणारा माणूस चार दिवसांत पस्तीस किलो कुणाला विकणार? वहिनींनी बरोबर तिथेच बोट ठेवलंय.

म्हणून मोजणी उलटी करायची. आधी ठरवायचं दर आठवड्याला किती किलो नक्की विकलं जाईल, आणि मग तेवढ्यापुरते बेड दर आठवड्याला भरायचे. तुमच्यासाठी मी आठवड्याला बारा बेड धरते. बेड भरल्यापासून पूर्ण पांढरा व्हायला दोन ते तीन आठवडे, मग पहिला बहर, मग दुसरा, असा एक बेड साधारण सहा आठवडे खोलीत राहतो. सहा आठवडे गुणिले बारा, बहात्तर बेड. म्हणजे खोली जवळपास भरलेलीच असणार, पण दर आठवड्याला एका खेपेचा पहिला बहर आणि आधीच्या एका खेपेचा दुसरा बहर असं मिळून येत राहणार. सुरुवातीचे तीन-चार आठवडे नुसते बेड भरत राहायचं, हातात काही नाही, तेवढा धीर धरावा लागतो.

तिसरा बहर का नाही धरला? निघतो तिसराही, थोडासा. पण लहान खोलीत जुना बेड म्हणजे घरात ठेवलेला आजारी पाहुणा, त्याच्यात हिरवी बुरशी येते, बारीक काळ्या माश्या त्यात अंडी घालतात आणि मग त्या माश्या तुमच्या नव्या बेडांवर जातात. मोठ्या शेडमध्ये जुन्यांना वेगळी खोली असते, तुमच्याकडे हवा एकच आहे. मूठभर मशरूमसाठी नवी खेप धोक्यात घालू नका, दुसरी काढणी झाली की बेड बाहेर काढायचा, त्याचं खत छान होतं.

आता हे बारा बेड हिशोबात बघू. बारातले दोन खराब होणार असं धरूनच चाला, पहिल्या दोन-तीन खेपांत जास्तही होतील. राहिले दहा, त्यांचे पाच किलो. त्यातलं अर्धा किलो तुटलेलं, जास्त उघडलेलं, घरी खाल्लेलं किंवा न विकलेलं. विकायला हातात साडेचार किलो.

खर्च मी पैशात सांगत नाही कारण स्पॉनचा म्हणजे मशरूमच्या बियाण्याचा, काडाचा नि मशरूमचा भाव जागा बदलली की बदलतो, दुसऱ्या कुणाचे आकडे घेऊन तुमचा हिशोब बसणार नाही. त्यापेक्षा सगळं मशरूमच्या किलोत मोजा, म्हणजे अमुक खर्च भागवायला तुमच्या इथल्या किरकोळ भावाने किती मशरूम विकावं लागेल असं. एका बेडाला शंभर ग्रॅम स्पॉन, किलोभर काड, एक पिशवी, पाणी तापवायचं इंधन. यात स्पॉन सगळ्यात महाग, तिथे काटकसर करू नका, स्पॉन कमी टाकलं की बेड पांढरा व्हायला वेळ लागतो आणि त्या रिकाम्या वेळात हिरवी बुरशी जागा पकडते. हे सगळं मिळून एका बेडाचा खर्च पावणेदोनशे ग्रॅम मशरूमच्या किमतीच्या आसपास धरून चालूया, तर बारा बेडांचे झाले दोन किलो शंभर ग्रॅम. पॅकिंग, पोचवायचं पेट्रोल, वीज याचे चारशे ग्रॅम. एकूण अडीच. साडेचारातून अडीच गेले, तुमच्याकडे उरले दोन किलोचे पैसे. आठवड्याला. बस एवढेच.

वेळ किती जातो तर काड भिजवणं, तापवणं, निथळणं, भरणं यात सुट्टीचा अर्धा दिवस गेलाच, रोज सकाळ-संध्याकाळ मिळून पाऊण तास, आणि माल पोचवायला दोन-तीन तास. बारा-तेरा तास होतात. आणि सुरुवातीचं सामान, म्हणजे रॅक किंवा दोऱ्या, खिडकीला बारीक जाळी, एक्झॉस्ट, पाणी तापवायचा ड्रम, स्प्रे पंप, तापमान-ह्युमिडिटी दाखवणारं छोटं मीटर, वजनकाटा, प्लास्टिक शीट, हे साठ किलोच्या विक्रीएवढं झालं असं धरा. दोन-दोन किलोने साठ भरायला तीस आठवडे लागतात. दोन महिने नाही. फ्रिज नवीन घ्यावा लागला तर अजून लांबेल. हे मी धरलेले आकडे आहेत, तुमच्या इथले भाव टाकून एकदा कागदावर करा, पण पद्धत हीच ठेवा.

याच हिशोबात दोन गोष्टी हलवून बघा म्हणजे दुखतं कुठे ते कळेल. बारातले दोनऐवजी चार बेड खराब झाले तर विकायला राहिले साडेतीन किलो, खर्च तोच अडीच, उरला एक. म्हणजे कमाई निम्मी, पण निदान काहीतरी आहे. आता बेड सगळे चांगले आले, साडेचार किलो माल आहे पण किरकोळ गिऱ्हाईक नाही म्हणून कुणा व्यापाऱ्याला निम्म्या भावात दिला, तर हातात आले सव्वादोन किलोचे पैसे आणि खर्च अडीच. घरातून पैसे घालून तुम्ही मशरूम पिकवलं! हिरव्या बुरशीपेक्षा निम्मा भाव जास्त मारतो, आणि हे ट्रेनिंगमध्ये कुणी सांगत नाही कारण तिथे अख्खा दिवस स्पॉन आणि काडावरच जातो.

बरं, खराब होण्याचं. ते दोन ठिकाणी होतं, बेडात आणि काढल्यानंतर, दोन्हीची कारणं वेगळी आहेत.

बेडात जे होतं ते बहुतेक वेळा भरायच्या दिवशीच ठरलेलं असतं, फक्त दिसतं आठ-दहा दिवसांनी. काड ताजं, पिवळं, पाऊस न लागलेलं घ्या, काळपट किंवा कुबट वासाचं फुकट मिळालं तरी नको. बोटाच्या दोन पेरांएवढे तुकडे, रात्रभर भिजवायचं, मग ७० ते ८० अंशाच्या गरम पाण्यात तासभर दाबून ठेवायचं. तासभर म्हणजे आतपर्यंत तेवढं तापल्यानंतरचा तास, ड्रमखाली आग लावल्यापासूनचा नव्हे, इथे बरेच जण घाई करतात. काहीजण फॉर्मॅलिन आणि बुरशीनाशकाच्या पाण्यात भिजवतात, स्वस्त पडतं, पण घरात, शेजारी दम्याचा पेशंट असताना फॉर्मॅलिन आणूच नका.

नंतर निथळणं. सगळ्यात जास्त बेड इथे जातात. ओलावा बघायची मीटर-बिटर लागत नाही, मूठभर काड घ्या आणि जीव लावून पिळा. बोटांच्या फटीतून दोन-चार थेंब आले आणि तळवा ओला झाला की बरोबर. धार लागली तर अजून निथळायचं आहे, तळवा नुसता दमट झाला तर जास्त सुकलंय. धार लागणारं काड भरलं की पिशवीच्या तळाला पिवळसर पाणी साठतं, तिथे हवा पोचत नाही, आणि आठवड्याने वाकून वास घेतला की आंबूस, सडल्यासारखा येतो. निरोगी बेडाचा वास ताज्या मशरूमचाच असतो, मातकट-गोडसर, एकदा नाकाला कळला की डोळ्यांआधी नाकच सांगतं कुठला बेड गेला. आणि काड पूर्ण गार झाल्यावरच स्पॉन टाकायचं, हाताला कोमट लागतंय म्हणजे थांबा, गरम काडात स्पॉन मरतं आणि पुढे पंधरा दिवस तुम्ही मेलेल्या बेडाकडे बघत बसता.

भरायचं काम त्या खोलीत करायचं नाही. बाहेर, अंगणात, गच्चीवर, पण वारा नसताना. कोरड्या काडाची धूळ म्हणजे बुरशीचं बी, ती वाढीच्या खोलीत गेली की संपलं. हात साबणाने धुवून वर स्पिरिट, स्पॉनची पिशवी फोडायच्या आधी उजेडात धरून बघा, दाणे पांढऱ्या कापसात गुंतलेले हवेत, हिरवा किंवा काळा ठिपका दिसला, आंबट वास आला तर परत करा. थर देऊन भरा, काड चार बोटं, कडेने स्पॉन, परत काड, दाबत दाबत, मोकळा बेड पांढरा होत नाही. तोंड बांधून बारीक दहा-पंधरा भोकं, आणि पिशवीवर तारीख लिहा. तारीख लिहा म्हणजे लिहाच, खेपा एकात एक मिसळल्या की कुठली खेप का बिघडली ते कळायचं बंद होतं.

पहिले दोन-तीन आठवडे अंधार, २० ते २८ अंश, पाणी मारायचं नाही. लक्षात ठेवा बेडाच्या आतलं तापमान खोलीपेक्षा दोन-चार अंश जास्त असतं म्हणून बेड एकमेकाला चिकटवून रचू नका. तुमची खोली दुपारी तिशीच्या वर जात असेल तर त्या महिन्यात लावूच नका किंवा उन्हाळ्याला चालणारं स्पॉन मागा, जातीजातीत फरक असतो, विकणाऱ्याला कुठल्या तापमानाची जात आहे ते विचारायचं आणि त्याला सांगता येत नसेल तर दुकान बदलायचं. एकाच खोलीत अर्धे बेड अंधारात नि अर्धे फळावर असणार म्हणून मधोमध काळ्या प्लास्टिकचा पडदा सोडा, आतल्या बाजूला नवे, खिडकीकडे पांढरे झालेले.

हिरवा डाग दिसला की तो बेड त्याच दिवशी बाहेर. पिशवी फोडायची नाही, डाग कापत बसायचा नाही, वरून दुसरी पिशवी घालून तसाच न्यायचा, कारण हिरवी पूड हलवली की उडते. नारिंगी, पिठासारखी भराभर पसरणारी दिसली तर अजून घाई करा, ती एका रात्रीत शेजारच्या बेडावर जाते. आणि त्यानंतर लगेच चांगल्या बेडांना हात लावू नका, आधी हात धुवा, कपडे बदला.

बेड पांढरा झाला की पिशवी कापायची किंवा उभे काप द्यायचे, मग हवा, मंद उजेड आणि ह्युमिडिटी ८० ते ९०. इथे मशरूम स्वतःच तक्रार सांगतं. देठ लांब आणि टोपी बटणाएवढी राहिली म्हणजे खोलीत कार्बन डायऑक्साइड साठलाय, एक्झॉस्ट जास्त वेळ चालवा. कोंब पिवळे पडून सुकले, कडा तडकल्या म्हणजे हवा कोरडी. टोपीवर पिवळे-तपकिरी चिकट डाग म्हणजे पाणी टोपीवर साचून राहतंय, बॅक्टेरियाचा डाग तो, पाणी मारायचं ते भिंतीवर, फरशीवर, हवेत बारीक फवारा, थेट टोपीवर नाही आणि मारल्यावर थोडा वेळ पंखा. तुम्ही दिवसभर घरी नाही म्हणून एक्झॉस्टला टायमर लावा, दर तासाला थोडा वेळ, आणि फरशीवर ओली गोणपाटं अंथरा, म्हणजे दुपारी कोरडं पडत नाही.

काढल्यानंतरचं खराब होणं मात्र पूर्ण तुमच्या हातात आहे. संध्याकाळी काढणार असाल तर सकाळचं पाणी शेवटचं, ओलं मशरूम फ्रिजमध्ये लवकर चिकट होतं. घोसच्या घोस धरून पिरगाळून काढायचा, देठाला चिकटलेला काडाचा भाग तिथेच कापायचा, धुवायचं अजिबात नाही. पाव-पाव किलोच्या पाकिटात, पाकिटाला भोकं, एकावर एक दाबून नाही, आणि लगेच फ्रिजमध्ये, २ ते ४ अंशाला. संध्याकाळी काढून रात्रभर गार झालेलं सकाळी ऑफिसला जाताना पोचवलं तर गिऱ्हाईकाच्या घरी ते अजून तीन दिवस चांगलं राहतं. उशिरा काढलेलं, कड वर वळलेलं मशरूम पाकिटातच बीजाणू टाकतं, टोपीवर पांढरी पूड बसते आणि लोकांना वाटतं बुरशी लागली! आहे ते खाण्यासारखंच पण गिऱ्हाईकाला कोण समजावणार, तो परत घेत नाही.

उरलं तर वाळवा, पण उरलंय हे पहिल्याच दिवशी मान्य करा, चार दिवस फ्रिजमध्ये ठेवून चिकट झालेलं वाळवून काही मिळत नाही. दहा किलोचं साधारण एक किलो होतं, म्हणजे सुक्याचा भाव ताज्याच्या दहापटीपेक्षा जास्त मिळाला तरच त्यात कमाई, नाहीतर नुसता बचाव. वाळवताना कुरकुरीत मोडलं पाहिजे, वाकलं तर अजून ओलावा आहे. हवाबंद डब्यात ठेवायचं.

विकायचं कुणाला, तर तुमचा आकडा फक्त साडेचार किलो आहे, हे बारकं दिसतं पण हेच तुमचं बळ आहे. दहा घरं पाव-पाव किलो, झाले अडीच. एखादी खानावळ किंवा छोटं हॉटेल आठवड्याला दोन किलो. संपलं. दहा घरं म्हणजे तुमच्या ऑफिसचा एक मजला. पण दहा घरं एकदा घेणारी नकोत, दर आठवड्याला घेणारी हवीत, आणि ती मिळवायला वीस-पंचवीस घरांना पाकीट द्यावं लागतं. बऱ्याच लोकांनी बटण मशरूम खाल्लेलं असतं, हे पसरट पांढरं बघून घाबरतात, धुतलं की पाणी धरतं, कमी आचेवर टाकलं की रबरासारखं होतं, आणि मग म्हणतात नको परत. म्हणून पाकिटावर तीन ओळी लिहा: भरभर धुवून लगेच पिळा, सुरीने नाही हातानेच फाडा, मोठ्या आचेवर पाणी आटेपर्यंत परता. घेणाऱ्यांना पहिल्यांदा खाताना थोडंच खायला सांगा, कुणाकुणाला मशरूम सोसत नाही.

हॉटेलवाल्याला भेटताना "मशरूम घेणार का" असं विचारू नका, सगळे हो म्हणतात आणि नंतर फोन उचलत नाहीत. विचारायचं की कुठल्या वारी किती किलो, किती मोठी टोपी, आणि पैसे कधी. महिनाभराची उधारी मागितली तर तुमच्यासारख्याला परवडत नाही, आठवड्याचे आठवड्याला द्या म्हणा. आणि खरं सांगून ठेवा की बहर एखाद-दोन दिवस मागेपुढे होतो, त्याला मेनूमध्ये रोज लागणारं असेल तर तुम्ही त्याच्या कामाचे नाही, आठवड्याच्या स्पेशल पदार्थाला लागणारं असेल तर आहात. भाजीवाल्याकडे ठेवायला हरकत नाही पण "उरलं तर परत" या अटीवर नको, त्याच्या उन्हातल्या टोपलीत सुकलेलं तुमच्या गळ्यात येतं. दोन किलोच्या नफ्यात एक किलो परत आलं म्हणजे अर्धा आठवडा फुकट गेला.

आता मी तुमच्या जागी असते तर रॅक घ्यायच्या आधी हे केलं असतं: जो कुणी आत्ता ऑयस्टर पिकवतो त्याच्याकडून तीन-चार किलो विकत घ्यायचं आणि तेच तुमच्या लोकांना विकून बघायचं, लागोपाठ तीन आठवडे. नफा नाही झाला तरी चालेल. पहिल्या आठवड्याला कौतुक म्हणून सगळे घेतात, ते मोजायचं नाही. तिसऱ्या आठवड्याला तुम्ही न विचारता किती जणांनी मागितलं तो तुमचा खरा आकडा, त्यातूनच ठरवा बेड आठ, बारा की शून्य. शून्य आलं तर तुमचे फक्त त्या मालाचे पैसे गेले, रॅक, ड्रम नि एक्झॉस्ट वाचले.

राहिले ट्रेनिंगवाले. माल आम्ही घेऊ म्हणणारे सगळेच खोटे असतात असं नाही, पण बघा, स्पॉन आणि बेड विकून त्यांचे पैसे आधीच वसूल होतात, तुमचा माल घेणं ही त्यांच्यासाठी नंतरची अडचण असते. त्यांना लेखी विचारा: ताजं घेणार की फक्त वाळलेलं, कुठल्या भावाने, कमीत कमी किती किलो झाल्यावर, पोचवायचं कुणी, पैसे किती दिवसांत, आणि नापसंत माल ठरवणार कोण. "ए ग्रेड"ची व्याख्या लिहून दिलेली नसेल तर तुमचं सगळंच बी ग्रेड निघणार. त्यांच्याकडून गेल्या वर्षी ट्रेनिंग घेतलेल्या दोघा-तिघांचे नंबर मागा आणि फोन करून एकच विचारा, मागच्या महिन्यात त्यांनी तुमचा किती किलो माल घेतला. लेखी भाव तुमच्या किरकोळ भावाच्या निम्म्याने असेल तर वरचा हिशोब परत बघा, तो तोट्याचाच आहे, मग बेड शंभर असोत की बारा. स्पॉन मात्र त्यांचं चांगलं असेल तर खुशाल घ्या, एका खेपेपुरतं, बारा बेडांचं, सव्वा किलो.